agr_014 : आजोबांचा आवाज उतरवून घेण्याच्या नोंदी

१८ मार्च २०२५, मंगळवार

शिमगा आटपून घर जरा शांत झालं होतं. संध्याकाळी कळव्याहून आत्याचा फोन आला. तिच्या मुलाला शाळेत बोलीभाषांवर काही लिहून न्यायचं होतं, म्हणून तिने आजोबांच्या ध्वनिमुद्रणाचं पान उघडलं. पानावर वरतीच लाल अक्षरांत सूचना होती: ३१ मार्चला रात्री बारा वाजता हे संकेतस्थळ बंद होणार.

२००४ च्या जानेवारीत दोन विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन घणसोलीला आमच्या ओटीवर आले होते. आगरी बोलीचे नमुने ते गोळा करत होते. आजोबांना त्यांनी सांगितलं, काहीही बोला. आजोबा मिठागरावर बोलले. आगरात राबणारा तो आगरी, त्यामुळे त्यांना दुसरा विषय सुचला असता असं मला वाटत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि दाराआड बसून ऐकत होते. पुढे ते ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर आलं, आम्ही एकदोनदा ऐकलं, आणि ते आहेच कुठे जाणार, असं धरून चाललो. आजोबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या आवाजाची दुसरी कुठलीही नोंद घरात नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये ते दिसतात, पण वरून सनई वाजते.

हातात तेरा दिवस आहेत. ही वही आजपासून सुरू करते.

१९ मार्च

सकाळी ते संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेत फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी नीट उत्तरं दिली. सर्व्हरचा करार संपतोय, पुढचे पैसे मंजूर झाले नाहीत, १ एप्रिलला कंपनी डिस्क पुसणार. मूळ कॅसेट तळमजल्यावरच्या कपाटात होत्या आणि २६ जुलै २००५ च्या पाण्यात गेल्या. त्याआधी त्या संगणकावर उतरवल्या होत्या, पण तो संगणकही केव्हाच भंगारात गेला. म्हणजे सर्व्हरवर जे आहे तेवढंच जगात आहे. मी प्रत घेऊ का विचारलं तर म्हणाले, तुमच्याच आजोबांचं आहे, खुशाल घ्या. ते लेखी हवं होतं म्हणून ईमेल पाठवायला सांगितलं, दुपारी उत्तर आलं.

२० मार्च

महापेच्या डेटा सेंटरमधली रात्रपाळी संपवून आले आणि बसले. पान उघडतं, आजोबांचं नाव दिसतं, गावाचं नाव दिसतं, ‘लांबी ४२ मिनिटं’ असं लिहिलेलं दिसतं. आणि जिथे वाजवायचं बटण असायला हवं तिथे राखाडी चौकोन.

हा फ्लॅशचा सांगाडा आहे. अडोबीने फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये काहीच चालेनासं झालं. बाबांना वाटलं, आवाज गेला. तसं नसतं. फ्लॅश हा फक्त वाजवणारा होता. आवाजाची फाइल वेगळी असते आणि ती कुठे आहे हे पानाला त्या वाजवणाऱ्याला सांगावंच लागतं. पानाचा मूळ मजकूर उघडला तर ती ओळ होती:

```html
<param name="flashvars"
  value="file=/audio/k07/agr_014.mp3&autostart=false" />
```

हाच पत्ता संकेतस्थळाच्या नावापुढे जोडला आणि फाइल उतरायला लागली. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही हा पत्ता टाकून पाहिला. आजोबांचं पान तिथे जतन झालेलं आहे, एमपी३ मात्र नाही. यात आश्चर्य नाही. पानं गोळा करणारा प्रोग्राम साध्या लिंकवरून पुढे जातो, आणि इथे पत्ता वाजवणाऱ्याच्या पोटात लपलेला होता. पान जपलं गेलं म्हणजे आवाज जपला गेला, असं समजून किती घरं गाफील असतील, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

फाइल उतरली. प्लेअरमध्ये लांबी ४२:०० दाखवली. पहिलं मिनिट ऐकलं, आजोबा खाकरले, आणि मी लॅपटॉप बंद केला. पुढचं सगळ्यांनी मिळून ऐकायचं ठरवलं.

२२ मार्च, शनिवार

आत्या मुलांना घेऊन आली, ऐरोलीहून दादा आणि वहिनी आले. आजीला मधोमध बसवलं. चौदा वर्षांनी ती तो आवाज ऐकत होती. तिने डोळे मिटून घेतले होते आणि आजोबांचं प्रत्येक वाक्य संपलं की मान हलवत होती, ते समोर बसून बोलत असावेत तशी.

आजोबा सांगत होते ते सगळं कामाचं होतं. उधाणाचं पाणी आत कधी घ्यायचं, ते एका कोंडीतून पुढच्या कोंडीत कसं नेत जायचं, पाणी दाट होत गेलं की त्याचा रंग कसा बदलतो. मीठ धरलं की ते वेळेत ओढायचं, उरलेल्या पाण्याचा लोभ धरला तर मीठ कडू होतं. (हे खरंच आहे: साधं मीठ आधी खाली बसतं, मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात मागे राहतात, आणि पाणी फार आटवलं तर तेही मिठात येतात.) मग ते भरतीच्या वेळेवर आले. म्हणाले, “घड्याल कुनाकं व्हता? तिथ धराची, न तिला...”

आणि आवाज बंद.

प्लेअरचा काटा २९:३५ वर होता. लांबी अजूनही ४२:०० दाखवत होता. मी दोनदा मागे नेऊन पाहिलं, दोन्ही वेळा त्याच शब्दावर थांबला. आजी म्हणाली, “परत लाव.” तिला वाटलं, ते विचार करत थांबलेत.

चूक माझी होती. रोजच्या कामात मी बॅकअप शेवटपर्यंत वाचून पाहिल्याशिवाय पूर्ण झाला म्हणत नाही. इथे मी वरचा आकडा वाचून विश्वास ठेवला. एमपी३ मधला आवाज छोट्या छोट्या चौकटींत बांधलेला असतो, एकेक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. बरेचदा पहिल्याच चौकटीत एक नोंद असते की पुढे एकूण इतक्या चौकटी आहेत, आणि प्लेअर तेवढ्यावरून लांबी सांगतो. शेपूट तुटलं तरी डोक्यावरची नोंद तशीच राहते. पुस्तकाची अनुक्रमणिका शाबूत आणि शेवटची पानं फाटलेली, असा तो प्रकार.

खरी परीक्षा साधी आहे आणि कागदावर होते. फाइल ६४ किलोबिटची, म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. ४२ मिनिटं म्हणजे २,५२० सेकंद. फाइल दोन कोटी एक लाख साठ हजार बाइटच्या आसपास हवी. माझ्याकडची १ कोटी ४२ लाखांची होती. त्याला ८,००० ने भागलं की १,७७५ सेकंद येतात, म्हणजे २९ मिनिटं ३५ सेकंद. हा भागाकार मी २० तारखेलाच करायला हवा होता.

रात्री दादाने विचारलं, परत उतरवून पाहिलंस का? पाहिलं, तीन वेळा. आपल्या बाजूने तुटत असतं तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटलं असतं. सर्व्हर स्वतःच फाइलचा आकार १ कोटी ४२ लाख सांगतो. तिथलीच फाइल अर्धवट आहे.

२४ मार्च

संस्थेत पुन्हा फोन. २०१६ मध्ये सगळं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं होतं. जुन्या यादीतली नावं नव्या यादीत आली का, एवढं ताडून पाहिलं होतं. आकार कुणी ताडले नाहीत. जुना सर्व्हर तेव्हाच परत केला.

बाबा ओटीवर गप्प बसून होते. मग म्हणाले, “तिथीचं मलाही सांगायचे. मी कधी लक्ष दिलं नाही. मला सिडकोत नोकरी हवी होती.”

मी त्यांना त्यावर काही बोलले नाही. पुढची बारा मिनिटं पंचवीस सेकंद कुठे असू शकतील, याची यादी करायला लागले. आर्काइव्हमध्ये नाहीत. संस्थेत नाहीत. ते दोन विद्यार्थी आता कुठे आहेत ते संस्थेलाही माहीत नाही, आणि कॅसेट तर त्यांनी जमा केली होती.

२६ मार्च

आज वाट सापडली.

आर्काइव्हमध्ये मी पानाची सगळ्यात नवी प्रत पाहिली होती, जुन्या पाहिल्याच नव्हत्या. आज २००८ ची उघडली. पानाचा तोंडवळाच वेगळा. फ्लॅश नाही, राखाडी चौकोन नाही. फक्त एक निळी ओळ: ‘ऐका (मंद जोडणीसाठी)’. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं आणि मोठी फाइल कुणाला पेलत नसे, म्हणून बारीक आवाजाची रिअलऑडिओ आवृत्ती ठेवायचे. म्हणजे आजोबांचं ध्वनिमुद्रण दोनदा तयार केलेलं होतं. आधी रिअलऑडिओ, आणि पुढे फ्लॅश आल्यावर एमपी३.

ती निळी लिंक `.ram` नावाच्या फाइलकडे जाते. त्यात आवाज नसतो, ती चिठ्ठी असते, आत एका ओळीत खरा पत्ता. साधी लिंक असल्यामुळे ही चिठ्ठी आर्काइव्हने उचललेली होती. आत हे होतं (सर्व्हरचं नाव मी बदललं आहे):

```
rtsp://media.example.org/real/k07/agr_014.rm
```

`rtsp` म्हणजे आवाज थेंबाथेंबाने सोडणारा वेगळा सर्व्हर. तो आता नाही, त्याचं नावही कुठे पोचत नाही. पण त्या सर्व्हरने थेंब सोडले ते कुठल्या तरी साध्या फाइलमधूनच, आणि तिचा मार्ग इथे लिहिलेला होता: `real`, मग `k07`, मग नाव. २०१६ मध्ये सामान हलवताना सगळी कपाटं उचलली असतील तर हेही कपाट आलं असेल. पुढचा भाग बदलून तोच मार्ग आजच्या सर्व्हरवर टाकला:

```
curl -I https://example.org/real/k07/agr_014.rm
```

उत्तरात पहिल्या ओळीत 200 आलं. आकार पन्नास लाखांहून थोडा जास्त. कागद घेतला. १६ किलोबिट म्हणजे सेकंदाला २,००० बाइट, २,५२० सेकंदांना ५०,४०,००० बाइट. जुळलं. नऊ वर्षं या फाइलकडे जाणारी एकही लिंक नव्हती आणि ती तिथे पडून होती.

या वेळी वरच्या आकड्यावर थांबले नाही. फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून पाहिली, कारण उलगडायला लावली की डोक्यावरची नोंद काही कामाची राहत नाही, जेवढा आवाज खरा आहे तेवढाच मोजला जातो:

```
ffmpeg -v error -stats -i agr_014.rm -f null -
```

शेवटी 00:41:58 वर थांबलं. पहाटेचे पावणेचार वाजले होते. आजीला उठवलं नाही. बाबा जागेच होते.

२७ मार्च

आजीला ऐकवलं. २९:३५ पासून लावलं. आवाज बारीक, घागरीतून यावा तसा. १६ किलोबिटात बसवायचं म्हणून वरचे सूर सगळे कापलेले असतात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ हे वाऱ्याचे वर्ण एकमेकांत मिसळतात. मला दर तिसरा शब्द अडला. आजीला एकही अडला नाही. “न तिला पाऊनपट कराची,” तिने त्यांच्या बरोबरीने म्हटलं.

तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, आणि आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पुनवेला ती बाराच्या सुमाराला येते, म्हणून हे गणित बसतं. खाडी आत शिरते तिथे थोडा उशीर होतो, तोही आजोबा सांगतात. कोळी लोक हाच हिशोब करतात, मासे आणण्यासाठी. आजोबा करायचे ते आगराची तोंडं कधी उघडायची हे ठरवण्यासाठी.

बाबांनी ती बारा मिनिटं चार वेळा ऐकली.

२९ मार्च, शनिवार. अमावास्या

दादाने विचारलं ते बरोबर होतं: k07 ही आख्खी पेटी आहे, आजोबा त्यात चौदावे. बाकीचे कोण? यादीत एकतीस ध्वनिमुद्रणं, सगळी खाडीकाठच्या गावांतली. आत्याने नावं वाचली तर सात नावं ती ओळखत होती. दिवाळ्याची एक आजी, करावेचा एक नाखवा, आमच्याच आळीतला एक भगत. बहुतेक सगळे आता नाहीत.

एकतीस एमपी३ आणि एकतीस रिअलऑडिओ असं सगळं उतरवायचं ठरवलं. संस्थेला पुन्हा ईमेल केला, जतन करायला हरकत नाही असं उत्तर आलं, प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या-त्या घरी विचारा असंही. ते योग्यच आहे. सर्व्हर जुना आहे, म्हणून एकेक फाइल आणि मध्ये दहा सेकंद थांबायचं अशी आज्ञा लिहिली. घाईत एकदम सगळं ओढलं असतं तर सर्व्हरने आमचं दारच बंद केलं असतं.

काम वाटून घेतलं. वहिनीने वहीत रकाने आखले: पानावर लिहिलेली लांबी, त्यावरून हवा तो आकार, मिळालेला आकार. आत्याचा मुलगा भागाकार करत होता. एकतीसपैकी सहा एमपी३ तोकड्या निघाल्या. त्या सहांपैकी पाचांची रिअलऑडिओ पूर्ण आहे. सहावीची रिअलऑडिओ सर्व्हरवर नाहीच. ती दिवाळ्याच्या आजींची आहे, अकरा मिनिटांवर तुटते.

३० मार्च. पाडवा

गुढी उभारली, कडुलिंब-गूळ खाल्ला आणि मी आणि आत्या दिवाळ्याला गेलो. त्या आजींच्या सुनेने दार उघडलं. सासूबाईंचं असं काही ध्वनिमुद्रण आहे हेच तिला माहीत नव्हतं. अकरा मिनिटं फोनवर ऐकवली. ती रडली, मग तिने शेजारच्या दोन घरांतून माणसं बोलावली, मग पुन्हा लावायला सांगितलं. पुढचं हरवलंय हे आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, जेवढं हाय तेवढं द्या. पेन ड्राइव्हवर देऊन आलो.

३१ मार्च, सोमवार

रात्री साडेनऊपासून सर्व्हर अडखळायला लागला. आमच्यासारखे आणखी कुणी असतील. आमचं उतरवून झालं होतं, तरी मी रिअलऑडिओचे सगळे पत्ते एकेक करून वेबॅक मशीनला जतन करायला दिले. लिंकच नसल्यामुळे ते कुणी कधी उचललेच नव्हते. सतरा झाले. अठराव्याला सर्व्हरने उत्तर दिलं नाही.

बारा वाजून चार मिनिटांनी आजोबांचं पान उघडून पाहिलं. अजून होतं. बारा वाजून वीस मिनिटांनी नव्हतं.

२ एप्रिल

मांडणी केली. मूळ `.mp3` आणि मूळ `.rm` जशा उतरल्या तशाच ठेवल्या, एक बाइटही न बदलता. प्रत्येकीचा ठसा काढून यादीत लिहिला, म्हणजे पाच वर्षांनी फाइल बिघडली तर कळेल:

```
sha256sum *.mp3 *.rm > thasa.txt
```

ऐकण्यासाठी वेगळी तिसरी प्रत केली: २९:३५ पर्यंत स्वच्छ एमपी३, पुढे रिअलऑडिओ. जोड लपवला नाही. दादा म्हणत होता, पुढचा आवाज जरा खुलवता येईल. मी नको म्हटलं. कापलेले सूर परत येत नाहीत, यंत्राने नवे घातले तर ते आजोबांचे नसतील, आणि ही बोलीची नोंद आहे, ‘स’ कुठे आणि ‘श’ कुठे हेच तर उद्या कुणीतरी त्यात शोधेल. एक संच घणसोलीत, एक आत्याकडे कळव्याला, एक दादाच्या भाड्याच्या क्लाउडवर.

४ एप्रिल

आजी सांगते, मी लिहिते. शेवटच्या बारा मिनिटांचं काम हेच आहे, कारण तो आवाज ऐकून समजणारं माणूस घरात एकच आहे आणि ती ब्याऐंशी वर्षांची आहे. रोज अर्धा तास, त्याहून जास्त बसलं की तिचे कान दमतात. आज ३६:१२ पर्यंत पोचलो. तिथे एक शब्द आहे. आजी म्हणते ‘खार’, आत्या म्हणते ‘गार’. दोन्हींनी वाक्य लागतं. दहा वेळा लावून ऐकलं. वहीत दोन्ही शब्द लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह केलं आणि वेळ टिपली.

५ एप्रिल, शनिवार. अष्टमी

पहाटे बाबांनी हाक मारली. अंगात शर्ट, हातात टॉर्च. अष्टमी, म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणाले. खाडी आत आहे, थोडं मागेपुढे होईल. पाणी कुठल्या दगडापर्यंत येतं ते त्यांना पाहायचंय आणि वेळ मी लिहायची आहे.

सव्वापाच झालेत. आजीलाही यायचंय, ती चपला शोधतेय.